लाँचच्या कित्येक महिने आधी विशलिस्ट कशी जमवायची? क्लिप आणि डेव्हलॉगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टीमवर पहिला किंवा दुसरा गेम आणू पाहणाऱ्या एकट्या डेव्हलपरसाठी किंवा दोघा-तिघांच्या टीमसाठी हे लिहिलं आहे. जाहिरातीला पैसे नाहीत, संध्याकाळचे दोन-तीन तास हाताशी आहेत आणि गेम बनवायचं काम अजून बरंच बाकी आहे, असं धरून चाललो आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच काल्पनिक गेम घेतला आहे: कोकणातल्या खाडीवर होडी चालवणारा एक नावाडी, होडीत माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, शेळ्या, आणि वजन एका बाजूला गेलं की कलंडणारी होडी.

विशलिस्टमध्ये नाव आलं म्हणजे माझ्या हाती नेमकं काय लागतं?

तीन गोष्टी. गेम विक्रीला आला की, ज्याने तो आपल्या विशलिस्टमध्ये टाकून ठेवला आहे त्या माणसाला स्टीम ईमेल पाठवतं. पुढे तुम्ही २० टक्के किंवा त्याहून जास्त सूट दिली की पुन्हा पाठवतं. आणि लाँचच्या आधीच्या दिवसांत स्टीमच्या मुख्य पानावर ‘पॉप्युलर अपकमिंग’ नावाची यादी असते, तिच्यात शिरायला पुरेशा विशलिस्ट लागतात. किती लागतात हे स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने कधी जाहीर केलेलं नाही. डेव्हलपर मंडळी साधारण सात हजारांचा अंदाज धरतात, पण तो अंदाजच आहे.

तिसरी गोष्ट नवख्यांना सर्वात उशिरा कळते. ही यादी लाँचच्या तारखेप्रमाणे लागते. त्यामुळे तुमचा दिवस जवळ आला की, विशलिस्ट पुरेशा असतील तर, तुमचा गेम आपोआप वर सरकत जातो आणि ज्यांनी तुमची एकही क्लिप पाहिलेली नाही त्यांच्याही नजरेला पडतो. आधीचे आठ महिने जमवलेली माणसं त्या तीन-चार दिवसांसाठी दार उघडून देतात. लाँच झाल्यावर जमवायला लागलात, तर हे दार बंद झालेलं असतं.

स्टीमचं पान किती महिने आधी उघडायचं?

नियमाने ‘कमिंग सून’ पान किमान दोन आठवडे दिसत असावं लागतं. माझं मत विचाराल तर सहा ते नऊ महिने. माझ्या पहिल्या गेमचं पान मी जेमतेम तीन आठवडे आधी उघडलं होतं. क्लिप मात्र त्याआधी वर्षभर टाकत होतो. लोक विचारायचे, कुठे मिळेल? मी लिहायचो, लवकरच. ती सगळी माणसं निघून गेली, कारण ‘लवकरच’ या शब्दावर बोट ठेवून दाबता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पान, मग पहिली क्लिप. स्टीमची फी १०० डॉलर आहे (गेमने १००० डॉलर कमावले की ती परत मिळते), आणि पान तपासायला स्टीमची माणसं काही दिवस घेतात. तेवढा वेळ हाताशी ठेवा. पान उघडायला गेम पूर्ण असावा लागत नाही. लागतं ते एवढंच: खेळताना जे दिसतं तेच दाखवणारे किमान पाच स्क्रीनशॉट, एक छोटा ट्रेलर, आणि कॅप्सूल, म्हणजे स्टीमच्या याद्यांमध्ये दिसणारं ते छोटं चित्र. पैसे कुठे खर्च करायचेच असतील, तर कॅप्सूल काढणाऱ्या चित्रकाराला द्या.

क्लिप आणि डेव्हलॉग दोन्ही करायचे? एकाने भागत नाही का?

नाही भागत, आणि त्याचं कारण फार साधं आहे: लिंक.

यूट्यूबने ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक दाबता येणार नाहीत असं करून टाकलं. इन्स्टाग्रामच्या रीलखाली लिहिलेली लिंकही दाबता येत नाही, ती प्रोफाइलच्या बायोमध्येच चालते. म्हणजे क्लिप अनोळखी माणसाला तुमच्या गेमसमोर आणून उभी करते, पण त्याला पानापर्यंत नेता येत नाही. आडव्या, मोठ्या व्हिडिओच्या वर्णनात मात्र लिंक चालते, आणि शॉर्ट्सला एक ‘रिलेटेड व्हिडिओ’ जोडता येतो. म्हणून वाट अशी बांधायची: शॉर्टला सर्वात ताजा डेव्हलॉग जोडायचा, आणि त्या डेव्हलॉगच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत स्टीमची लिंक ठेवायची. पहिल्या ओळीत म्हणजे अगदी पहिल्या, कारण खालचं सगळं ‘आणखी’ दाबल्याशिवाय दिसत नाही. नवा डेव्हलॉग आला की जुन्या चालणाऱ्या शॉर्ट्सचा जोडही बदलायचा.

हे बांधून झालं की दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून स्वतः दाबून पाहा. नव्या चॅनलला काही सुविधा ओळख पडताळल्यावरच मिळतात. लिंक नुसतीच निळ्या रंगाविना पडून आहे, हे महिनाभराने कळायला नको.

दुसरं कारण माणसांच्या स्वभावाचं आहे. पंधरा सेकंदांत माणूस थांबतो, पण नऊ महिने लक्षात ठेवत नाही. डेव्हलॉगमध्ये त्याला तुमचा आवाज ऐकू येतो, तुम्ही कशाशी झगडताय ते समजतं, आणि पुढच्या महिन्यात तो बघायला परत येतो.

क्लिप काढायला वेगळा वेळ कुठून आणू?

वेगळा वेळ काढूच नका. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएस स्टुडिओमध्ये रिप्ले बफर नावाची सोय आहे. ती चालू ठेवली की स्क्रीनवरचे शेवटचे काही सेकंद सतत लक्षात ठेवले जातात, आणि ठरवलेली कळ दाबली की तेवढाच तुकडा फाइलमध्ये उतरतो. सेटिंग्जमधल्या आउटपुटमध्ये तो चालू करा, वेळ ३० सेकंद ठेवा, आणि कीबोर्डवरची एक मोकळी कळ त्याला द्या. मग रोज गेम तपासून पाहताना तो मागे चालत राहू दे.

शेळीने अचानक उडी मारली, होडी कलंडली, पोतं पाण्यात गेलं आणि तुम्ही स्वतःच हसलात, की कळ दाबायची. पुढे काही करायचं नाही, काम चालू ठेवायचं. आठवड्यात पंधरा-वीस तुकडे जमतात. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसायचं, सगळे एकदा पाहायचे, त्यातले दोन निवडायचे. ठरवून ‘आता क्लिप काढूया’ म्हणून खेळलं की हात अवघडतो आणि ते बघणाऱ्यालाही जाणवतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

गेममधली नावं, बटणं, मीटर लपवणारी एक कळही कोडमध्ये आधीच टाकून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, वर्षभर उपयोगी पडतं.

चांगली क्लिप कशी ओळखायची?

आवाज बंद करून, गेमबद्दल काही न सांगता, घरातल्या कुणाला तरी दाखवा. मग विचारा, ‘यात काय करायचं असतं?’ उत्तर ‘होडी उलटू न देता माणसं पलीकडे न्यायची’ असं आलं तर क्लिप चांगली. ‘छान दिसतंय’ असं आलं, तर ती ठेवून द्या, ट्रेलरमध्ये पार्श्वभूमीला वापरता येईल.

पहिल्या सेकंदाला काहीतरी घडायला सुरुवात झालेली असावी. लोगो नको, काळ्या पडद्यावरचं नाव नको, ‘नमस्कार मंडळी’ नको. शेळी हवेत असतानाच क्लिप सुरू होऊ दे. मग परिणाम: होडी झुकते, पोती घसरतात, नावाडी बांबू टेकून तोल सावरतो. सावरला की संपवा, किंवा सावरतोय न सावरतोय तेवढ्यात संपवा, म्हणजे क्लिप पुन्हा सुरू होते तेव्हा माणूस दुसऱ्यांदाही बघतो. आठ ते पंधरा सेकंद पुरतात.

यात एक गोष्ट तुमच्या कॅमेऱ्याच्या हाती नसते, ती गेमच्या कल्पनेच्या हाती असते. ‘चू-चू चार्ल्स’ हा गेम घ्या. गॅव्हिन आयझनबाइस या तरुणाचा हा गेम ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला आणि ९ डिसेंबर २०२२ रोजी आला. मधल्या काळात त्याचे डेव्हलॉग यूट्यूबवर येत होते. कल्पना एका ओळीत मावते: कोळ्याचे पाय असलेली आगगाडी तुमच्या मागे लागते. ती एकदा पाहिली की विसरता येत नाही, आणि भाषा येत नसली तरी कळते. तुमच्या गेममध्ये अशी एक कृती कोणती, ते आधी शोधा. सापडत नसेल, तर अडचण क्लिपची नाही, आणि तसं असेल तर ते नऊ महिने आधीच कळलेलं फार बरं.

माझा गेम आडवा आहे. उभ्या व्हिडिओत कसा बसवू?

मधला भाग कापून. वर-खाली धूसर पट्ट्या टाकून बसवलेला आडवा व्हिडिओ फोनवर आगपेटीएवढा दिसतो. एफएफएमपेग वापरत असाल तर एवढं पुरे:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "crop=ih*9/16:ih,scale=1080:1920:flags=neighbor,setsar=1" -c:a copy short.mp4
```

`neighbor` पिक्सेल आर्टसाठी आहे, कडा धारदार राहतात. त्रिमितीय गेम असेल तर त्याजागी `lanczos` लिहा. कापल्यावर घटना चौकटीबाहेर जात असेल, तर क्लिपसाठी कॅमेरा जवळ आणणारी एक कळ गेममध्येच करून घ्या. खालचा सुमारे पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. आणि पाऊस, गवत, धूर असं बारीक हलणारं सगळीकडे असेल तर अपलोड झाल्यावर त्याचा चिखल होतो. आमच्या खाडीच्या गेममध्ये क्लिपसाठी पाऊस थांबवूनच काढावं लागेल.

किती व्ह्यू आले म्हणजे जमलं म्हणायचं?

व्ह्यूवरून काहीच म्हणता येत नाही. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू मोजतं, किती सेकंद पाहिला याची अट राहिलेली नाही. अंगठ्याने वर सरकवताना क्षणभर दिसलेलाही त्यात येतो. यूट्यूब स्टुडिओत किती जण थांबले आणि किती सरकवून गेले हा आकडा वेगळा मिळतो, तो पाहा. आणि खरा हिशेब स्टीमवर करा.

त्यासाठी प्रत्येक ठिकाणी दिलेली लिंक थोडी वेगळी ठेवायची:

```
https://store.steampowered.com/app/1234560/?utm_source=youtube&utm_campaign=devlog03
```

आकड्याच्या जागी तुमच्या गेमचा क्रमांक येईल. इन्स्टाग्रामच्या बायोत `utm_source=instagram`, पुढच्या डेव्हलॉगला `devlog04`, असं. स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे स्टीमच्या डेव्हलपरांसाठीच्या साइटवर, मग दिसतं की कुठून किती जण आले आणि त्यातल्या किती जणांनी विशलिस्ट केलं.

पण हा आकडा नेहमी कमी असतो, आणि का ते समजून घेतलं पाहिजे. फोनवर इन्स्टाग्राममधून लिंक दाबली की स्टीमचं पान त्या ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे माणसाने लॉगिन केलेलं नसतं. विशलिस्टचं बटण दाबलं की पासवर्ड विचारला जातो, आणि बसमध्ये उभा असलेला माणूस तिथेच सोडून देतो. ज्याला खरंच आवडलं तो रात्री कॉम्प्युटरवर बसून गेमचं नाव शोधतो. तो तुमच्या लिंकच्या खात्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून रोजचा आकडा आणि कधी काय टाकलं याची वही, दोन्ही शेजारी ठेवा. हिशेब दाखवण्यासाठी आकडे धरू. एरवी रोज ३ विशलिस्ट येतात. मंगळवारी शेळीची क्लिप टाकली. मंगळवारी १९ आल्या, बुधवारी ११, गुरुवारी ६, शुक्रवारी पुन्हा ३. पहिल्या तीन दिवसांच्या ३६ झाल्या, त्यातून नेहमीच्या ९ वजा केल्या की क्लिपने आणलेल्या २७ उरतात. लिंकच्या खात्यात मात्र ८ च दिसतात. उरलेले १९ जण नाव शोधून आले. हीच क्लिप लिंकवरून मोजली असती तर ‘आठच आल्या, सोडून देऊ’ असं वाटलं असतं.

याच कारणाने एका आठवड्यात चार गोष्टी एकदम टाकू नका. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. नाहीतर कुणामुळे काय आलं ते कळत नाही.

मग गेमच्या नावाचं काय?

नाव शोधून येणारे इतके असतील तर नाव ऐकून टाइप करता आलं पाहिजे. आमच्या गेमचं नाव ‘नावाडी’ ठेवायचा मोह होईलच, आणि तो शब्द सुंदर आहे. पण रोमन अक्षरांत तो Navadi, Nawadi की Naavaadi? तिन्ही बरोबर वाटतात, म्हणजे तिघांपैकी दोघे चुकणार. ठेवायचंच असेल तर पुढे एक सोपा इंग्रजी शब्द जोडा, आणि ठरवण्याआधी स्टीमच्या शोधात टाकून पाहा की त्या नावाचं आधीच काय काय आहे. प्रत्येक क्लिपमध्ये नाव शेवटी नव्हे, पहिल्यापासून एका कोपऱ्यात स्वच्छ दिसू दे.

डेव्हलॉगमध्ये सांगायचं काय? कोड दाखवायचा का?

इथे सर्वात जास्त जण वाट चुकतात, म्हणून जरा थांबतो.

आपण दिवसभर कोडमध्ये असतो, त्यामुळे पाण्याच्या लाटांचा शेडर कसा लिहिला हे सांगावंसं वाटतं. तो व्हिडिओ चालतोही. पण तो बघायला येतात ते दुसरे डेव्हलपर. ते मनापासून कौतुक करतात, तुमच्याकडून शिकतात, आणि तुमचा गेम विकत घेतीलच असं नाही. ओळखायची खूण कमेंटमध्ये असते. ‘कोणतं इंजिन वापरलं?’, ‘सोर्स देणार का?’ असं वारंवार येत असेल तर प्रेक्षक डेव्हलपरचा जमतोय. ‘दोघांना मिळून खेळता येईल का?’, ‘भरतीच्या वेळी काय होतं?’, ‘कधी येणार?’ असं येत असेल तर खेळणारे जमत आहेत.

तांत्रिक काम लपवायची गरज नाही, ते खेळणाऱ्याच्या बाजूने सांगायचं. आमच्या होडीचं उदाहरण घ्या. डेव्हलपरची गोष्ट अशी असेल: फिजिक्समध्ये वस्तुमानाचा मध्य दर फ्रेमला मोजत होतो, त्यामुळे होडी थरथरत होती. खेळणाऱ्याची गोष्ट अशी: ‘सुरुवातीला एक कोंबडी बसली तरी होडी उलटायची. मग मी ती इतकी स्थिर केली की दहा शेळ्या एका बाजूला उभ्या करूनही काही होईना, आणि गेममधली सगळी मजा गेली. शेवटी असं केलं की होडी हळू झुकते आणि तुम्हाला बांबू टेकायला दीड सेकंद मिळतो.’ काम तेच आहे. पण दुसऱ्या सांगण्यात तिन्ही अवस्था डोळ्यांनी दाखवता येतात, आणि बघणाऱ्याला तो दीड सेकंद स्वतः अनुभवून पाहावासा वाटतो.

एका डेव्हलॉगमध्ये अशी एकच अडचण घ्या. सहा ते आठ मिनिटं पुरे. महिन्याभरात केलेल्या बावीस कामांची यादी वाचून दाखवू नका. विशलिस्ट करा हे शेवटी सांगण्याऐवजी होडी पहिल्यांदा नीट चालताना दिसते तिथे, एका वाक्यात सांगा. शेवटपर्यंत फार थोडे पोचतात.

चार आठवड्यांतून एक हे अंतर नोकरी करणाऱ्याला झेपतं. दर आठवड्याचा डेव्हलॉग करायला निघालेले बरेच जण दोन महिन्यांत थकतात, आणि मग गेमही थांबतो. लिहिलेला छोटा डेव्हलॉग स्टीमच्या पानावरच्या घोषणांमध्येही टाका. ज्यांनी गेमला फॉलो केलं आहे त्यांना तो कळतो, आणि नव्याने आलेल्या माणसाला दिसतं की काम चालू आहे.

मराठीत बोलू की इंग्रजीत?

क्लिपला भाषा लागू नये, हे वर आलंच. डेव्हलॉगचं म्हणाल तर स्टीमवर गेम घेणाऱ्यांतले फार थोडे मराठी जाणतात, त्यामुळे विशलिस्टसाठी इंग्रजी लागतं. आपल्या उच्चारांचं इंग्रजी चालतं, कुणी त्यावरून व्हिडिओ बंद करत नाही. इंग्रजीत बोलताना अडखळत असाल तर मराठीत बोला आणि इंग्रजी सबटायटल स्वतः लिहून जोडा, आपोआप आलेली मराठीवरून फार चुकतात. मोकळेपणाने बोललेली मराठी अडखळत वाचलेल्या इंग्रजीपेक्षा बरी वाटते, हे मी प्रेक्षक म्हणूनही सांगतो.

परदेशी डेव्हलपरांचे सल्ले वाचताना एक ध्यानात ठेवा: त्यांच्या सल्ल्यात टिकटॉक फार असतं. भारतात त्यावर जून २०२० मध्ये बंदी आली. इथे बसून काम करणाऱ्यांनी शॉर्ट्स आणि रील्सवरच भर द्यावा.

एक क्लिप धो धो चालली, पण विशलिस्ट आल्याच नाहीत. असं का?

बहुतेक वेळा क्लिपने जे दाखवलं ते गेममध्ये नसतं. होडीचा एक बग समजा: शेळी होडीला टेकली की रॉकेटसारखी आकाशात जाते. हे चालणारच. पण माणूस स्टीमच्या पानावर येतो तेव्हा त्याला संथ खाडी, संध्याकाळचं ऊन आणि वल्ह्यांचा आवाज दिसतो. तो आला होता दंगा बघायला, परत जातो. काही जण विशलिस्ट करतात आणि पुढच्या महिन्यात काढून टाकतात. स्टीमच्या अहवालात वाढलेल्या आणि काढलेल्या विशलिस्ट वेगळ्या दिसतात. काढणारे एकदम वाढले तर मागे वळून बघा की त्यांना आणलं कुठल्या क्लिपने.

अशा वेळी दोनच मार्ग असतात. त्या प्रकारच्या क्लिप थांबवायच्या, किंवा लोकांना जे आवडलं ते खरंच गेममध्ये आणायचं. दुसरा मार्ग वाटतो तितका वाईट नाही. नऊ महिने आधी कळल्यामुळेच तो मोकळा असतो.

तीन महिने झाले, रोज दोन-तीनच विशलिस्ट येतात. चूक कुठे शोधू?

मागून पुढे या. आधी पाहा, स्टीमच्या पानावर माणसं येतात का. येत असतील आणि विशलिस्ट करत नसतील तर दोष पानात आहे. ट्रेलरची पहिली पाच सेकंदं लोगोत जात असतील, पहिले स्क्रीनशॉट मेनूचे असतील, किंवा कॅप्सूलवरून हा कसला गेम आहे ते कळत नसेल. क्लिप बदलून उपयोग नाही, आधी हे सुधारा. ज्या क्लिपवर लोक सर्वात जास्त थांबले तीच ट्रेलरच्या सुरुवातीला लावून बघा.

पानावर कुणी येतच नसेल, पण क्लिपवर लोक थांबत असतील, तर वाट तुटलेली आहे: लिंक, जोडलेला डेव्हलॉग, नाव. हे एका संध्याकाळीत नीट होतं.

आणि क्लिपवरच कुणी थांबत नसेल, तर पंधरा-वीस वेगवेगळ्या प्रकारच्या क्लिप होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. गर्दीची होडी, रात्रीची भरती, एकटा म्हातारा प्रवासी, असं खरोखर वेगळं दाखवून पाहा. तरीही काही हललं नाही, तर गेममध्ये दाखवण्यासारखी ती एक कृती अजून सापडलेली नाही. तेव्हा लाँच पुढे ढकलून गेमवर काम करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

डेमो आणि नेक्स्ट फेस्ट कधी?

स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा आठवडाभराचा उत्सव, वर्षातून तीनदा होतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो. म्हणून लाँचच्या आधीचा शेवटचा निवडा. ऑक्टोबरमध्ये पान उघडलं आणि जुलैमध्ये लाँच असेल, तर जूनचा. हाताशी विशलिस्ट असताना गेलात तर त्या आठवड्यात खूप वाढ होते, रिकाम्या हाताने गेलात तर हजारो डेमोंच्या गर्दीत दिसतही नाही.

डेमो मात्र त्याच्या दोन महिने आधी, एप्रिलमध्येच काढा. डेमो आल्याचं विशलिस्ट करणाऱ्यांना स्टीमवरून कळवता येतं, आणि ती माणसं खेळून जे सांगतात त्यावरून जूनपर्यंत दुरुस्ती करता येते. दुसरे लोक डेमो खेळतानाचे व्हिडिओ टाकू लागले की क्लिपचा दुसरा झराही मिळतो. परवानगी मागून त्यातले तुकडे वापरा. होडी उलटल्यावर अनोळखी माणूस कसा ओरडतो ते तुम्हाला स्वतःला काढता येणार नाही.

शेवटच्या दोन आठवड्यांत काय करायचं?

तारीख त्याआधीच पक्की करा. लाँच दोन आठवड्यांवर आलं की तारीख स्वतः बदलता येत नाही, स्टीमला विनंती करावी लागते. पहिल्या दिवसापासून जोडलेले शॉर्ट्स, डेव्हलॉगची वर्णनं, बायो, सगळीकडे तारीख लिहा. या दिवसांत नव्या प्रकारची क्लिप शोधू नका. आतापर्यंत ज्या तीन-चार क्लिपनी सर्वात जास्त विशलिस्ट आणल्या, वहीत बघून त्याच थोड्या वेगळ्या कापून पुन्हा टाका. ज्यांनी त्या आठ महिन्यांपूर्वी पाहिल्या त्यांना आठवत नाहीत, आणि बाकीच्यांनी त्या पाहिलेल्याच नाहीत.

शेवटचा डेव्हलॉग लाँचच्या तीन-चार दिवस आधी येऊ दे, म्हणजे ‘पॉप्युलर अपकमिंग’मध्ये असताना पानावर वर्दळ असेल. लाँचच्या संध्याकाळी तुम्हाला व्हिडिओ करायला वेळ मिळणार नाही. कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर होडी पाण्याखाली अडकलेली असेल आणि तुम्ही ती दुरुस्त करत बसलेले असाल.